हळद साबणात लाल का होते?

हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत तांबडं होतं. पारंपरिक कुंकू हळदीपासून होतं, तेही याच गुणामुळे. घरी हळदीचा साबण करायचा असेल तर हे आधी माहीत हवं, कारण तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून तयार होणारा साबण पूर्ण मुरल्यावरही अल्कधर्मीच असतो. त्यामुळे पिवळाधमक साबण नुसत्या हळदीतून मिळत नाही. ओतताना मिश्रण विटकरी दिसतं, मुरता मुरता ते नारिंगी किंवा मोहरीच्या रंगावर येतं, आणि उजेडात ठेवलं तर हळूहळू फिकं पडतं. हे साबण बिघडल्याचं लक्षण नाही.

कडुनिंबाचंही तसंच. वाळवलेल्या पाल्याची पूड सुरुवातीला छान हिरवी दिसते, पण सोड्यापुढे पानांतलं हरितद्रव्य टिकत नाही. काही आठवड्यांत साबण शेवाळी आणि मग तपकिरी होतो. ताजा पाला वाटून घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यातल्या पाण्याने मिश्रणाचं प्रमाण बिघडतं आणि पाल्याचे कण पुढे काळे पडून कुजकट वास येऊ शकतो. निंबोणीचं तेल वापरलं तर त्याचा लसणासारखा उग्र वास साबणातही उरतो. एकूण तेलाच्या दहा टक्क्यांवर ते जाऊ देऊ नये, असं माझं मत आहे. आणि औषधी गुणाबद्दल अपेक्षा माफक ठेवावी: अंगावर मिनिटभर राहून धुतला जाणारा साबण खरूज किंवा गजकर्ण बरं करत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडेच जायला हवं.

त्वचेला साबण कसा लागेल, हे पाल्यापेक्षा तेलावर जास्त अवलंबून असतं. खोबरेल तेलामुळे साबण कडक होतो आणि भरपूर फेस देतो, पण ते जास्त झालं तर अंग कोरडं पडून ओढल्यासारखं वाटतं. शेंगदाण्याच्या तेलाने साबण सौम्य होतो. एरंडेलाने फेस दाट होतो. म्हणून अर्धा किलो तेलाचा एक घाणा असा धरावा: खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम आणि निंबोणीचं तेल ५० ग्रॅम. एवढ्या तेलाला सुमारे ७७ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरा पडतो. आपण मुद्दाम पाच टक्के कमी, म्हणजे ७३ ग्रॅम घेतो. त्यामुळे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि तेच त्वचेला मऊपणा देतं. पाणी १५० ग्रॅम. सगळं वजनाने, ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणाऱ्या काट्यावर मोजायचं. वाटी आणि चमचा इथे चालत नाहीत.

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम लागतो, तर तेवढ्याच शेंगदाणा तेलाला १४ ग्रॅमहूनही कमी. समजा खोबरेल संपलं म्हणून त्या जागी आणखी २०० ग्रॅम शेंगदाणा तेल घातलं आणि सोडा तेवढाच ठेवला. आता तेलाला ६८ ग्रॅमच सोडा लागणार, म्हणजे जवळपास ५ ग्रॅम साबणात मोकळा राहून त्वचा जाळणार. तेल बदललं की हिशेब नव्याने करायचा.

सोड्याच्या बाबतीत नावांचा घोळ जिवावर बेतू शकतो. खाण्याचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा आणि कॉस्टिक सोडा वेगळा. या कामाला शुद्ध कॉस्टिक सोडाच लागतो. तुंबलेल्या नळ्या साफ करायच्या पावडरीत इतर पदार्थ मिसळलेले असतात, ती वापरू नये. हातात लांब रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बंद चपला आणि डोळ्यांवर बाजूंनीही बंद असलेला चष्मा हवा. रोजचा नंबरचा चष्मा पुरत नाही. स्टीलचं किंवा जाड पॉलीप्रॉपिलिनचं भांडं घ्यावं. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको: सोडा त्याला खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. काचेचं भांडं उष्णतेने तडकू शकतं.

आधी भांड्यात थंड पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा, हाच क्रम. सोड्यावर पाणी ओतलं तर ते एकदम उसळून तोंडावर येऊ शकतं. विरघळताना पाणी चुलीशिवायच खूप तापतं आणि झोंबणारी वाफ निघते, म्हणून हे काम उघड्या खिडकीपाशी, तोंड बाजूला ठेवून करावं. अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धुवावं. व्हिनेगर किंवा लिंबू लावण्याचा सल्ला ऐकू नये, त्या संयोगातून आणखी उष्णता निघते. डोळ्यात गेला तर पापणी उघडी धरून पाणी मारत राहावं आणि विनाविलंब रुग्णालय गाठावं. कुणी गिळला तर उलटी करायला लावू नये. उलटीबरोबर घसा दुसऱ्यांदा भाजतो.

सोड्याचं पाणी आणि तेल दोन्ही कोमट, साधारण ४० अंशांवर आले की पाणी तेलात ओतून हँड ब्लेंडर थांबून थांबून चालवावा. मिश्रणाची धार वरून सोडल्यावर तिची रेघ पृष्ठभागावर दिसत राहिली की ते जमलं. निंबाची वस्त्रगाळ पूड दोन चमचे याच वेळी घालायची. हळदीचा साबण करायचा असेल तर निंबोणीच्या तेलाऐवजी तेवढंच शेंगदाणा तेल घेऊन एक लहान चमचा हळद थोड्या तेलात कालवून घालावी. दोन्ही तेलांना सोडा जवळजवळ सारखाच लागतो, म्हणून ही अदलाबदल चालते. जाडसर पूड अंगाला खरखरते आणि जास्त हळद पंचाला डाग पाडते.

बटरपेपर लावलेल्या लाकडी साच्यात मिश्रण ओतून दिवसभराने, हातमोजे घालूनच, वड्या कापाव्यात. कापताना पांढरे, खडबडीत ठिपके किंवा पाणी सुटलेल्या पोकळ्या दिसल्या तर सोडा नीट मिसळलेला नाही, तो घाणा वापरू नये. वरवर आलेली पांढरी भुकटी मात्र निरुपद्रवी असते. वड्या वाऱ्यावर चार ते सहा आठवडे मुराव्यात. त्यानंतर पीएच कागदावर ९ ते १० येणं ठीक, ११च्या पुढे आलं तर साबण अंगाला लावायचा नाही. हळदीच्या पाण्याने ही परीक्षा होत नाही, कारण चांगल्या साबणानेही ते लालच होतं. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं आणि दोन दिवसांत पुरळ किंवा खाज आली तर थांबावं. बोअरवेलच्या जड पाण्यात हा साबण फेस कमी देईल आणि बादलीला पांढरा थर धरेल. तो दोष पाण्याचा.

घरात लहान मूल असेल तर उरलेला सोडा झाकण घट्ट लावून, नाव लिहून, कुलपात ठेवा. तेवढी सोय नसेल तर सोड्याच्या वाटेला जाऊच नका: बाजारात मिळणारा तयार साबणाचा बेस वितळवून त्यात वस्त्रगाळ निंबपूड घातली तरी घरचा साबण होतो.