लघवीतलं प्रथिन, वाढलेला रक्तदाब आणि वारेची रक्तचाचणी

गरोदरपणाचे 20 आठवडे उलटल्यावर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त आढळला, तर साधारण चार तासांनी तो पुन्हा मोजतात. दुसऱ्यांदाही तेवढाच भरला, तर प्रीएक्लॅम्पसियाची शंका घेतली जाते. लघवीत बुडवलेली पट्टी रंग बदलून प्रथिन दाखवते, पण तिच्यावर फार विसंबता येत नाही. पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट झाली असेल किंवा तिच्यात अंगावरचं पांढरं मिसळलं असेल, तर पट्टी उगाच घाबरवते. म्हणून लघवीतल्या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी असलेलं प्रमाण प्रयोगशाळेत काढतात. ते 0.3 किंवा जास्त असेल, तर मूत्रपिंडातून प्रथिन खरोखरच गळत आहे असं धरतात.

या आजाराचं मूळ मात्र वारेत असतं. पुरेसा रक्तपुरवठा न मिळालेली वार एसएफएलटी-1 नावाचं प्रथिन जादा प्रमाणात आईच्या रक्तात सोडते. रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी ठेवणाऱ्या पीएलजीएफ या घटकाला ते पकडून ठेवतं. अस्तर बिघडलं की रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडाची गाळणी गळू लागते. या दोन घटकांचं गुणोत्तर आता रक्तातून मोजता येतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, गुणोत्तर 38 किंवा कमी असलेल्या जवळजवळ सर्व स्त्रियांना पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया झाला नाही. 38 च्या वर आकडा गेलेल्यांपैकी मात्र चार आठवड्यांत तो जेमतेम एक तृतीयांशांहून थोड्या अधिक जणींनाच झाला. म्हणजे चाचणीची खरी ताकद आजार नाकारण्यात आहे, भाकीत करण्यात नाही.

समजा, 33 व्या आठवड्यात एका स्त्रीचा रक्तदाब दोनदा 144/92 भरला, प्रथिनाचं प्रमाण 0.18 आणि गुणोत्तर 22 आलं. इतर तपासण्या ठीक असतील, तर तिला दाखल न करता घरी रक्तदाब मोजायला सांगून लवकर परत बोलावता येतं. दोन आठवड्यांनी ती 150/98 रक्तदाब घेऊन आली. लघवीत प्रथिन अजून नाही, पण प्लेटलेट 90,000 वर उतरल्या आहेत आणि यकृताचं एसजीपीटी दुपटीहून वर गेलं आहे. जुन्या व्याख्येने हा प्रीएक्लॅम्पसिया ठरला नसता. आता हा त्याचा गंभीर प्रकार मानतात. प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणं किंवा क्रिएटिनिन 1.1 च्या वर चढणं हे प्रथिनाइतकंच, किंबहुना अधिक बोलकं असतं. पहिलं गुणोत्तर खोटं नव्हतं, त्याची हमी आठवड्यापुरतीच होती.

34 आठवडे पूर्ण झाल्यावर अशी गंभीर लक्षणं दिसली, तर प्रसूतीच करावी लागते. गोळ्यांनी रक्तदाब उतरतो, मॅग्नेशियम सल्फेटमुळे झटके टळतात, पण वार बाहेर येईपर्यंत मूळ कारण तसंच राहतं. हा आजार बाळंतपणानंतरही उद्भवू शकतो. त्यामुळे बाळंतिणीचं डोकं असह्य दुखत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून रुग्णालयात जावं.