दर मिनिटाचा निकाल, अठरा मिनिटांची फेरी

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी आठ वाजता महाराष्ट्राच्या २८८ जागांची मतमोजणी सुरू झाली. त्या दिवशी राज्यात कोणी एकदाच निकाल पाहून फोन खिशात ठेवला असेल, असं वाटत नाही. टीव्हीवर आकडे नाचत होते, निवडणूक आयोगाच्या results.eci.gov.in या संकेतस्थळावर वेगळेच आकडे होते, आणि वर्तमानपत्रांच्या निकालफलकांवर ‘दर मिनिटाला ताजे’ अशी पाटी होती. एकाच जागेची आघाडी तीन ठिकाणी तीन प्रकारची दिसली की लोकांना लगेच घोळाचा वास येतो. बहुतेक वेळा घोळ मतमोजणीत नसतो. आकडा कोणी, केव्हा आणि किती वेळा विचारला, यात तो असतो.

आधी आकडा जन्माला कसा येतो ते पाहू. मतमोजणीच्या दालनात साधारणपणे एका मतदारसंघाची चौदा टेबलं असतात. प्रत्येक टेबलावर एका मतदान केंद्राचं यंत्र येतं, आणि चौदा यंत्रं मोजून झाली की एक फेरी होते. साडेतीनशे केंद्रांच्या मतदारसंघात अशा पंचवीस फेऱ्या होतात. फेरी झाली की बेरजा तपासल्या जातात, उमेदवारांच्या मतमोजणी प्रतिनिधींच्या सह्या होतात, निरीक्षक पडताळणी करतात, निवडणूक निर्णय अधिकारी फेरी जाहीर करतात आणि मगच आकडे संगणकात चढतात. टीव्हीवाल्यांचा माणूस दालनाबाहेर उभा राहून प्रतिनिधींकडून कानावर आलेला आकडा फोनवरून कळवतो. म्हणून टीव्ही पुढे असतो, आणि कधीकधी चुकतोही.

ही गती नेमकी किती, याचा एक अंदाज जाहीर झालेला आहे. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी हरियाणाचे निकाल लागत असताना संकेतस्थळावर आकडे उशिरा चढत असल्याची तक्रार काँग्रेसने केली. आयोगाने ती फेटाळली आणि सांगितलं, की सगळ्या मतदारसंघांत मिळून दर पाच मिनिटांना सुमारे पंचवीस फेऱ्या चढत आहेत. हरियाणात जागा नव्वद. पाच मिनिटांत पंचवीस फेऱ्या म्हणजे नव्वद जागांची एकेक फेरी व्हायला अठरा मिनिटं लागतात. म्हणजे आपल्या मतदारसंघाचा आकडा सरासरीने अठरा मिनिटांतून एकदा हलतो.

हा अठराचा आकडा हाती आला की ‘दर मिनिटाला’ या पाटीकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. एका मतदारसंघाचं पान तुम्ही दर मिनिटाला मागवलंत, तर अठरापैकी सतरा वेळा उत्तर जुनंच येणार. दर पाच सेकंदांना मागवलंत तर दोनशे सोळापैकी दोनशे पंधरा वेळा. विचारण्याचा वेग वाढवून मोजणीचा वेग वाढत नाही. पण संपूर्ण राज्याचं चित्र वेगळं असतं. महाराष्ट्राच्या २८८ जागांना तीच गती लावली तर दर मिनिटाला सरासरी सोळा जागा हलतात. म्हणून राज्याच्या फलकासाठी एक मिनिट हे अंतर योग्य आहे आणि एकेका जागेसाठी ते उधळपट्टी आहे.

फलक बांधणाऱ्याला यातून एक चांगली वाट सापडते. आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यातल्या जागांची यादी असते. आघाडीवर कोण, पिछाडीवर कोण, मताधिक्य किती, आणि एका रकान्यात फेरी: ‘१४/२५’ अशी. एका पानावर वीस जागा, म्हणजे महाराष्ट्राची पंधरा पानं. भोळा फलक दर मिनिटाला २८८ जागांची २८८ पानं मागवतो. शहाणा फलक फक्त यादीची पंधरा पानं मागवतो, फेरीचा रकाना मागच्या मिनिटाशी ताडून पाहतो आणि जिथे फेरी बदलली त्याच सोळाएक जागांची पानं उघडतो. २८८च्या जागी एकतीस मागण्या, आणि माहिती तेवढीच. जागेचा निकाल ‘जाहीर’ झाला की तिचं पान पुन्हा मागवायचंच नाही, त्यामुळे दुपारनंतर ओझं आपोआप उतरत जातं.

स्रोतावरचा खरा भार मात्र इथे नसतो, तो वाचकांमुळे येतो. समजा, तुमचा फलक एक लाख लोक उघडून बसले आहेत आणि प्रत्येकाचा ब्राउझर दर मिनिटाला थेट मूळ संकेतस्थळाला विचारतो आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १,६७० मागण्या. असे पाचसहा फलक असले की मूळ संकेतस्थळ ऐन अकरा वाजता गुदमरतं. मग ज्या निवडणूक अधिकाऱ्याला किंवा उमेदवाराला ते पान खरोखर हवं असतं, त्यालाही ते मिळत नाही. गावातल्या प्रत्येकानं निकाल बघायला तालुक्याला धावण्याऐवजी एकानं जाऊन यावं आणि चावडीच्या फळ्यावर लिहावं, तसं हे काम करायचं असतं. फलकाचा स्वतःचा सर्व्हर मिनिटातून एकदा विचारतो, मिळालेलं जपून ठेवतो आणि लाखभर वाचकांना आपल्याकडूनच देतो. वाचक एक लाखाचे दहा लाख झाले तरी स्रोताकडे जाणाऱ्या मागण्या तेवढ्याच राहतात.

त्या एका मागणीतही सभ्यपणा असतो. स्रोतानं पानाबरोबर त्याची खूणचिठ्ठी दिली असेल, तर पुढच्या वेळी ती सोबत पाठवायची:

```
GET /seat/101.json
If-None-Match: "r14-1142"

HTTP/1.1 304 Not Modified
```

‘माझ्याकडे हे आहे, यापेक्षा नवं असेल तरच दे’ असा याचा अर्थ. नवं नसलं तर 304 एवढंच उत्तर येतं, पान येत नाही. अठरापैकी सतरा वेळा जुनंच येणार असेल तिथे याचा फायदा किती, ते सांगायला नको.

आता स्रोत मंदावला तर? इथेच पुष्कळ फलक गावठी चूक करतात. मागणी पाठवली, उत्तराला सत्तर सेकंद लागले, पण घड्याळानं साठाव्या सेकंदाला दुसरी मागणी सोडलेली असते. मग तिसरी. आधीच दमलेल्या सर्व्हरवर जुन्या अनुत्तरित मागण्यांचा ढीग चढत जातो. म्हणून साठ सेकंद मागणी सोडल्यापासून मोजायचे नाहीत, उत्तर मिळाल्यापासून किंवा ठरलेल्या वेळेत न मिळाल्यानं मागणी सोडून दिल्यापासून मोजायचे. उत्तर 429 किंवा 503 आलं, म्हणजे ‘फार विचारता’ किंवा ‘सध्या जमत नाही’, तर पुढचं अंतर दोन मिनिटं, मग चार करायचं. सोबत `Retry-After: 120` लिहिलेलं असेल तर ते शब्दशः पाळायचं. या वाढत्या अंतरात काही सेकंदांचा यादृच्छिक फरकही ठेवावा लागतो. नाहीतर स्रोत सावरल्याक्षणी सगळे फलक एकाच सेकंदाला दार ठोठावतात आणि तो पुन्हा आडवा होतो.

माझ्या मते फलकाची खरी परीक्षा स्रोत गप्प झाल्यावर होते. गर्दीत कधीकधी चुकीचा संकेत येतच नाही. ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असा मजकूर असलेलं पान अगदी यशस्वी उत्तराच्या थाटात येतं. फलकाचा प्रोग्रॅम त्यात आकडे शोधतो, सापडत नाहीत, आणि सगळ्या पक्षांपुढे शून्य लागतं. उपाय साधा आहे: आलेल्या यादीत २८८ ओळी आहेत का, ते आधी मोजायचं. नसतील तर आलेलं टाकून द्यायचं, जुनं तसंच ठेवायचं आणि ते किती जुनं आहे ते दाखवायचं.

दुसरा प्रकार आकडा मागे जाण्याचा. मोठी संकेतस्थळं आपली पानं अनेक ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात. एका ठिकाणी चौदावी फेरी पोचलेली असते, दुसऱ्या ठिकाणी तेरावीच असते. तुमची एक मागणी इकडे आणि पुढची तिकडे गेली, तर मतं कमी झालेली दिसतात आणि ‘मतं गायब’ म्हणून चित्रफिती फिरू लागतात. म्हणून मतांची संख्या ताडायची नाही, फेरी ताडायची. चौदावी पाहिली असेल तर तेरावी स्वीकारायची नाही. फेरी पुढची असून मतं घटली असतील तर मात्र स्वीकारायची, कारण चुकून चढलेला आकडा अधिकारी दुरुस्त करू शकतात. फेरी मागची आहे पण तिच्यावरची वेळ नवी आहे, असं वारंवार आलं, तर तीही दुरुस्तीच समजायची.

वाचकाच्या हातातलं पानही शिळं होतं. जुन्या पद्धतीत पानात ही एक ओळ घालत:

```
<meta http-equiv="refresh" content="60">
```

पान दर मिनिटाला अख्खं पुन्हा येतं. लोकल बोगद्यात शिरली आणि नेमकं तेव्हाच मिनिट भरलं, तर निकालाच्या जागी ब्राउझरचं ‘इंटरनेट नाही’ हे पान येतं, आणि त्या पानात ही ओळ नसल्यामुळे पुढचं ताजेपण तिथेच थांबू शकतं. फक्त आकडे मागवणारी नवी पद्धत बरी, पण तिलाही मर्यादा आहे. दुसऱ्या टॅबमागे दडलेल्या पानाचं घड्याळ ब्राउझर मुद्दाम मंद करतो, आणि फोनवर तर ते जवळजवळ गोठतं. तुम्ही तासाभरानं परत येता, समोर दहाव्या फेरीचा आकडा असतो आणि तो ताजा आहे असं वाटतं. पान पुन्हा डोळ्यांसमोर आल्याची सूचना ब्राउझर देतो, तिचं नाव `visibilitychange`. ती मिळताच मिनिटाची वाट न पाहता आकडे मागवायचे, आणि ते येईपर्यंत जुने फिके दाखवायचे.

राहिला वेळेचा ठसा. अनेक फलकांवर ‘अद्ययावत’ म्हणून जी वेळ दिसते ती वाचकाच्याच फोनच्या घड्याळाची असते. तिला काही अर्थ नाही. दोन वेगळ्या वेळा हव्यात: स्रोतानं आकडा कधीचा म्हणून दिला, आणि आम्हाला स्रोताकडून शेवटचं नीट उत्तर कधी मिळालं. पहिली वेळ अठरा मिनिटं जुनी असली तर काळजी नाही, फेरी चालू आहे. दुसरी पाच मिनिटं जुनी झाली तर फलकात बिघाड आहे आणि तसं ठळक लिहायला हवं. शिवाय उशीर साचत जातो: स्रोताचं साठवलेलं पान मिनिटभर जुनं, आमची मागणी मिनिटानं, वाचकाची आणखी मिनिटानं. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही ‘दर मिनिटाचा’ आकडा तीन मिनिटं मागे असू शकतो.

पुढच्या निकालाच्या दिवशी दोन फलकांवर दोन आकडे दिसले, तर आधी दोन्हीकडची फेरी पाहा. तेरावी आणि चौदावी असेल तर दोन्ही बरोबर आहेत. आणि ज्या फलकावर फेरीही नाही आणि स्रोताची वेळही नाही, त्याच्यावरचा आकडा कोणाला पुढे पाठवू नका.