दिवेलागणीचा फोटो आणि घराचं तोंड

नव्या घराच्या जाहिरातीत हल्ली पहिला फोटो हमखास संध्याकाळचा असतो. निळं गडद आकाश, आतून पिवळी उजळलेली काचेची तावदानं, पोर्चमधला दिवा, ओलसर चकाकणारं अंगण. हे फोटो मला आवडतात. माझी तक्रार आहे ती त्यांच्याखाली लिहिल्या जाणाऱ्या मजकुराबद्दल, आणि त्यातही एका समजाबद्दल, जो मी एजंटांकडून, मालकांकडून, अगदी फोटोग्राफरकडूनही वारंवार ऐकतो. फोटोत घरामागे मावळतीची लाली दिसतेय, म्हणजे घर पश्चिममुखी.

हे चूक आहे. नुसतं चूक नाही, बहुतेक वेळा सत्याच्या बरोबर उलट आहे.

नाशिकमधल्या एका नव्या बंगल्याचं उदाहरण घेतो, कारण त्याचं वर्णन मला दुरुस्त करावं लागलं होतं. फोटो 22 डिसेंबरचा, संध्याकाळी 6 वाजून 18 मिनिटांनी काढलेला. समोर फाटक, पोर्च, दोन मजले. छताच्या मागे, फ्रेमच्या डाव्या बाजूला, नारिंगी पट्टा आणि त्यावर निळं आकाश. त्याखाली लिहिलं होतं: ‘पश्चिममुखी टुमदार बंगला, मावळत्या सूर्याच्या सोनेरी प्रकाशात न्हालेला.’

आता फोटोग्राफर कुठे उभा आहे ते पाहा. तो रस्त्यावर आहे आणि त्याचं तोंड घराकडे आहे. घराच्या पलीकडे मावळती दिसते, म्हणजे कॅमेरा पश्चिमेकडे बघतो आहे. आणि घराचा दरवाजा कॅमेऱ्याकडे बघतो आहे, म्हणजे पूर्वेकडे. घर पूर्वमुखी निघालं. एवढा साधा हिशोब कुणी केला नाही आणि पूर्वमुखी घर शोधणारी माणसं ती जाहिरात बघून पुढे सरकत राहिली.

खरोखर पश्चिममुखी घराचा समोरून फोटो काढला, तर कॅमेरा पूर्वेकडे वळलेला असतो. तिथे लाली नसते. सूर्य मावळल्यावर पहिली काही मिनिटं तिकडे क्षितिजावर करडी-निळी पट्टी आणि तिच्यावर फिकट गुलाबी झाक दिसते. ती करडी पट्टी म्हणजे पृथ्वीची स्वतःचीच सावली. पुढे सगळं आकाश एकसारखं गडद होत जातं. म्हणून पश्चिममुखी घरांचे दिवेलागणीचे फोटो जास्त निळे आणि शांत दिसतात.

पण लालीवरून अचूक दिशा काढायचा मोहही टाळा. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो वर्षातून दोनदाच, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरात तो पश्चिमेच्या जवळपास 25 अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण डाव्या हाताला येते. म्हणूनच आपल्या डिसेंबरच्या फोटोत पट्टा डावीकडे होता. हाच फोटो त्याच जागेवरून जूनमध्ये काढला असता तर पट्टा उजवीकडे गेला असता, आणि घर तर जागचं हललेलं नाही.

शिवाय फोटो पहाटेचा असू शकतो. रस्ता मोकळा मिळावा म्हणून काही फोटोग्राफर पहाटेच काम उरकतात. तेव्हाचं आकाश संध्याकाळच्या आकाशापासून नुसत्या फोटोवरून ओळखता येत नाही, आणि वरचं सगळं गणित उलटं होतं. फोटोच्या फाइलमध्ये वेळ नोंदलेली असते, पण ती कॅमेऱ्याच्या घड्याळाइतकीच विश्वासार्ह.

मग दिशा लिहायची कशावरून? मंजूर नकाशावर उत्तर दिशा दाखवणारा बाण असतो, तो बघा. नंतर दारात उभं राहून बाहेर बघा. तोंड जिकडे, ती घराची दिशा. फोनचं होकायंत्र वापरायचं तर लोखंडी फाटक, ग्रिल आणि उभी गाडी यांच्यापासून चार पावलं दूर या, कारण लोखंडाजवळ ते भरकटतं. आणि फाटक एकीकडे, मुख्य दार दुसरीकडे असेल तर दोन्ही लिहा. वास्तुशास्त्र मानणं न मानणं ज्याचं त्याचं. पण पश्चिमेच्या भिंती एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर तापतात, हे मानण्यावर अवलंबून नाही. आपल्या बंगल्यात त्या बाजूला स्वयंपाकघर आणि मागची झोपायची खोली होती. घेणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

त्या वाक्यातला ‘सोनेरी प्रकाश’सुद्धा सूर्याचा नव्हताच. त्या दिवशी तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळला, म्हणजे फोटोच्या वेळी सूर्यास्त होऊन सतरा मिनिटं झाली होती. भिंतीवरचं पिवळेपण बल्बचं. असे फोटो सूर्यास्तानंतरच्या वीसेक मिनिटांतच निघतात, कारण तेवढाच वेळ आकाशाचा उजेड आणि घरातल्या दिव्यांचा उजेड एकमेकांच्या तोलाचे असतात. त्यामुळे दिवे कुठले ते लिहा. बाहेरचे दिवे किमतीत धरलेत, की फोटोपुरते आणून लावले होते? नव्या घरात हा प्रश्न हमखास येतो.

बाकीचे समज थोडक्यात.

‘आकाश इतकं निळं नसतंच, रंग भरलाय.’ असतं. ही निळाई मुख्यतः ओझोनमुळे येते, हे हल्बर्ट या शास्त्रज्ञाने 1953 मध्ये दाखवून दिलं.

‘दिवसाच्या फोटोची संध्याकाळ केली तर कुणाला कळतं?’ कळतं. आकाश रात्रीचं आणि हिरवळीवर झाडाची कडक सावली, किंवा खिडकी पिवळीधमक पण तिच्या चौकटीवर उजेडाचा थेंब नाही, असं दिसलं की समजावं.

‘अंगण केवढं मोठं आहे ते फोटोत दिसतंच.’ 24 मिलिमीटरच्या लेन्समध्ये जवळची फरशी पसरट दिसते, म्हणून माप चौरस फुटांत लिहावंच लागतं.

‘बाग रात्री छान उजळते.’ कॅमेऱ्याने कित्येक सेकंद उजेड साठवलेला असतो, डोळ्यांना तेवढं दिसत नाही.

‘जाहिरातीतला मजकूर कुणी मनावर घेत नाही.’ बिल्डरची जाहिरात असेल तर कायदा घेतो. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या आणि नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात.

त्या बंगल्याचा मजकूर शेवटी असा झाला: ‘पूर्वमुखी घराचा रस्त्याकडून दिसणारा दर्शनी भाग. फोटो 22 डिसेंबरचा, सूर्यास्तानंतर सुमारे 17 मिनिटांनी काढलेला. छतामागची लाली घराच्या पाठीमागच्या, पश्चिमेकडच्या आकाशाची. पोर्च आणि जिन्यावरचे दिवे कायमचे, किमतीत समाविष्ट. फाटकाजवळचे दोन दिवे फक्त फोटोसाठी. मागच्या दोन खोल्यांना दुपारनंतर ऊन. दिवसाउजेडी काढलेला याच बाजूचा फोटो पुढे दिला आहे.’