श्रेय दुसऱ्याने घेतलं, तर उत्तर कसं लिहावं?

समजा, गोदामातला माल आणि संगणकावरचा स्टॉक जुळत नव्हता. तुम्ही मार्चच्या नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या आणि परत आलेल्या मालाची नोंद दोनदा पडते आहे, हे शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी टीमच्या मेलवर सहकाऱ्याने लिहिलं, ‘सर, स्टॉकमधला फरक सापडला, दुरुस्तही केला.’ साहेबांनी लगेच त्याचं कौतुक केलं.

त्या वाक्यात फरक कोणाला सापडला, ते लिहिलेलंच नाही. अशा वेळी वाचणारा काम मेल पाठवणाऱ्याच्या नावावर धरतो. सहकाऱ्याने हे मुद्दाम केलं की घाईत राहून गेलं, हे मेलवरून कळत नाही. म्हणून आधी त्यालाच विचारावं : ‘फरक कोणी शोधला, ते मेलमध्ये राहिलंय. तुम्ही लिहिता का, की मी लिहू?’ बऱ्याचदा तो स्वतःच दुरुस्ती करतो.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तर तुम्ही लिहा, आणि त्याच मेलला उत्तर म्हणून सर्वांना लिहा. कौतुक सर्वांसमोर झालं आहे. साहेबांच्या कानात सांगितलेली दुरुस्ती बाकीच्यांपर्यंत पोहोचत नाही आणि चुगलीसारखी वाटते. मजकूर असा असू शकतो :

‘सर, थोडी भर घालते. हा फरक मला मंगळवारी मार्चच्या नोंदी ताडताना सापडला. तपासणीची शीट जोडली आहे. सिस्टिममधली दुरुस्ती यांनी केली, त्यामुळे काम लवकर आटोपलं. फेब्रुवारीतही असंच झालं असावं; त्या नोंदी मी शुक्रवारपर्यंत तपासते.’

या उत्तरात आरोप नाही, पण कोणी काय केलं हे स्पष्ट आहे. सहकाऱ्याने खरोखर केलेलं काम त्याच्या नावावर राहिल्यामुळे त्याला वाद घालायला जागा उरत नाही. शीट पुराव्याचं काम करते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फेब्रुवारीचं वाक्य : ज्याने नोंदी तपासल्या त्यालाच ते सुचू शकतं, आणि साहेबांनाही ते उपयोगी पडतं. पुढचे प्रश्न मग तुम्हालाच विचारले जातात. ‘खरं तर हे माझं काम आहे’ अशी सुरुवात केली, तर मात्र वाचणाऱ्यांचं लक्ष कामावरून भांडणाकडे जातं.

सहकाऱ्याने स्वतंत्रपणे तोच दोष शोधला असण्याची शक्यता असेल, तर ‘मलाही’ लिहावं. हाच प्रकार पुन्हापुन्हा होऊ लागला, तर मेलवर न लिहिता तारखांसह दोन-तीन मेल घेऊन साहेबांना एकट्याने भेटावं. आणि पुढच्या वेळी दोष सापडला त्याच दिवशी, दुरुस्तीची वाट न बघता, शोध स्वतःच्या नावाने टीमला कळवावा.