जनता घड्याळाला नायलॉनचा पट्टा

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या जुन्या घरांत एचएमटीची चावीची ‘जनता’ अजून सापडते. आजोबांची, सासऱ्यांची, नाहीतर नोकरीत मिळालेली. सिटिझनच्या सहकार्याने बेंगळूरच्या कारखान्यात सुरू झालेली ही घड्याळे घडवणारी कंपनी बंद करायला सरकारने 2016 साली मंजुरी दिली. घड्याळे मात्र चालूच आहेत. त्यांचे यंत्र टिकते, पट्टा टिकत नाही. घाटमाथ्यालगतच्या पावसात आणि भातलावणीच्या घामात चामडे कुजते. चामड्याच्या आत लपलेली पिन गंजते, आणि ती कोणी पाहतच नाही.

ही पिन म्हणजे स्प्रिंग बार: एक बारीक नळी, आत स्प्रिंग, दोन्ही बाजूंना दाबली जाणारी टोके. टोके लगांच्या, म्हणजे पट्टा धरणाऱ्या चार पायांच्या, आतल्या बाजूच्या भोकांत बसतात. घड्याळ हाताला राहते ते अशा दोन पिनांवर. लष्करी घड्याळांत ब्रिटिशांनी बारच कायमचा जोडून टाकला होता, म्हणून एकसंध नायलॉनचा पट्टा त्यातून ओवावा लागे. 1973 साली ब्रिटिश संरक्षण खात्याने त्याचे मानक काढले. रंग राखाडी, रुंदी 20 मिलीमीटर. आज ‘नाटो पट्टा’ म्हणून विकला जातो तो त्याचाच वंशज. त्याचा खरा फायदा असा की एक पिन निखळली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकत राहते, खाली पडत नाही.

पट्टा घेण्याआधी दोन लगांमधले आतले अंतर मोजावे. जनताचे बहुधा 18 मिलीमीटर भरते, पण पट्टीने खात्री करावी. पिन तेवढ्याच मापाची घ्यावी. आखूड पिनेचे टोक भोकात पुरेसे जात नाही. हलते आणि एखाद्या झटक्यात सुटते. पिना जोडीनेच बदलाव्यात.

घड्याळ काच खाली करून मऊ फडक्यावर ठेवा. लगांना कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे ओरखडा पडणार नाही. दुशाखी टोकाचे स्प्रिंग बारचे हत्यार असेल तर उत्तम. नसेल तर अगदी बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर चालतो. लग आणि पट्टा यांच्या फटीत ते घालून पिनेच्या टोकाजवळची कड पकडा, पिनेच्या मध्याकडे दाबा आणि मग हळूच वर काढा. ड्रायव्हरने लगाला रेटा देऊ नका, सारा जोर पिनेवर असू द्या. पिन उडते आणि पलंगाखाली गेली की सापडत नाही, म्हणून हे सगळे पारदर्शक पिशवीत हात घालून केलेले बरे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

गंजून अडकलेली पिन दाबली जात नाही. तेव्हा काडीच्या टोकाने भोकाशी तेलाचा थेंब लावून काही तास थांबा. तेल मागच्या झाकणाकडे किंवा चावीकडे वाहू देऊ नका, कारण हे घड्याळ जलरोधक नाही. तरीही हलत नसेल तर जुना पट्टा कापून काढा आणि पिन मधोमध नखपक्कडीने तोडा. टोके मग सुटतात. भोक झिजून लांबट झाले असेल तर मात्र काम घड्याळजीचे.

नवी पिन लावताना एक टोक भोकात बसवा, दुसरे दाबून सरकवा. ते टिचकन बसले पाहिजे. मग पिन नखाने चारी दिशांना ढकलून पाहा, आणि पलंगाच्या वर धरून जोरात ओढा. तेवढ्याने निघाली तर ती बसलीच नव्हती.

आता मुख्य प्रश्न फटीचा. पिन आणि घड्याळाची कड यांत जुन्या घड्याळांत जागा कमी असते. जाडजूड पट्टा जबरदस्तीने ओवला तर तो पिनेला बाहेर रेटतो, आणि रोज हात वाकवताना टोके भोकातून सुटायला लागतात. दुकानात पट्ट्याचे शेपूट फटीतून ओवून पाहा. सहज सरकत नसेल तर तो पट्टा परत ठेवा, पातळ मागा.

ओवण्याची पद्धत सोपी. बकल बाराच्या आकड्याच्या बाजूला ठेवून लांब शेपूट बाराकडच्या पिनेच्या आतून वरून खाली, मग झाकणाखालून, आणि सहाकडच्या पिनेच्या आतून वर काढायचे. शेवटी ते खालच्या छोट्या पट्टीच्या कडीतून ओवायचे. ही कडी वगळली तर घड्याळ पट्ट्यावर सरकत राहते. काहीजण मुद्दाम वगळतात, मला ते पटत नाही. बकल उघडे असताना घड्याळ सुटून पडू नये म्हणून ती कडी आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. नायलॉन घाम आणि पाणी धरून ठेवते आणि ते पोलादी झाकणाला चिकटून राहते. शेतातून आल्यावर पट्टा काढा, साध्या पाण्यात धुवा, वाळवा, आणि घड्याळ कोरडे पुसा. मृगापूर्वी दोन्ही पिना काढून पाहाव्यात; तपकिरी डाग दिसला की लगेच बदलाव्यात, कारण एक पिन गेली तरी नाटो पट्टा घड्याळ धरून ठेवतो, आणि त्यामुळे ती गेल्याचे लगेच लक्षात येईलच असे नाही.