झाडाचा तोतया

फोर्टनाइट या खेळात शंभर खेळाडू उडत्या बसमधून बेटावर उडी घेतात. त्या क्षणी अख्खं बेट नजरेखाली येतं, त्यावरच्या झाडांसकट. संगणकावरचं झाड त्रिकोणांच्या तुकड्यांनी घडवतात. एका झाडाला वीस हजार त्रिकोण धरले तर हजार झाडांचे दोन कोटी होतात, आणि हे सगळं सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचं असतं. म्हणून दूरचं झाड हे झाड नसतंच. ती असते दोन त्रिकोणांची सपाट पाटी, वर झाडाचं चित्र चिकटवलेलं. या धंद्यात तिला ‘इम्पोस्टर’ म्हणतात, म्हणजे तोतया.

एकाच चित्राची पाटी सतत आपल्याकडे तोंड करून ठेवली, तर आपण फिरू तसं झाडही आपल्याबरोबर फिरतं आणि सोंग उघडं पडतं. यावर एपिक गेम्समधल्या रायन ब्रुक्स यांची ‘ऑक्टाहेड्रल इम्पोस्टर’ ही पद्धत फोर्टनाइटमध्ये वापरली गेली. झाडावर एक घुमट उपडा घातला आहे आणि त्यावर जागोजागी कॅमेरे लावले आहेत, असं समजा. जमिनीखालून झाडाकडे कोणी बघत नाही, त्यामुळे अर्धा गोल पुरतो. हा घुमट उलगडून चौरस करायचा आणि त्यावर बारा गुणिले बारा, म्हणजे १४४ चित्रं मांडायची. चौरसाच्या मध्यभागी माथ्यावरून दिसणारं झाड येतं, तर कडेच्या ४४ चित्रांत जमिनीलगतून चहूबाजूंनी दिसणारं. चित्रात ऊन भरत नाहीत. नुसता रंग, पानाची दिशा आणि खोली नोंदवतात. ऊन खेळ चालू असताना पडतं, म्हणून संध्याकाळी तोतयाही पश्चिमेकडूनच उजळतो.

आता हा तोतया किती अंतरावर उभा करायचा? २०४८ पिक्सेल रुंदीच्या चौरसात प्रत्येक चित्राला साधारण १७० पिक्सेल मिळतात. दहा मीटर उंच झाड फांद्यांसकट बारा मीटरच्या गोलात बसत असेल, तर चित्रात एका मीटरला चौदा पिक्सेल येतात. १०८० ओळींच्या पडद्यावर, कॅमेऱ्याची उभी नजर ६० अंशांची असेल, तर तेवढाच बारकावा ६६ मीटरवर दिसतो. त्याच्या अलीकडे पाटी धूसर वाटेल, पलीकडे खपून जाईल. म्हणून अदलाबदल ७० ते ८० मीटरच्या पट्ट्यात ठेवू. मात्र खेळाडूने दुर्बीण लावली की हा हिशेब कोसळतो, कारण ऐंशी मीटरवरचं झाड एकदम पडदाभर होतं. म्हणून मर्यादा मीटरमध्ये न ठेवता झाड पडद्यावर किती उंच दिसतं, त्यावर ठेवणं चांगलं.

झाड अचानक ‘टपकन’ बदललेलं दिसणं, याला पॉपिंग म्हणतात. ते दोन जागी होतं. पहिली जागा कोनाची. कडेच्या दोन चित्रांमध्ये सरासरी आठ अंशांचं अंतर असतं. बुंध्यापासून तीन मीटर आपल्या दिशेने आलेली फांदी तेवढ्याने जवळजवळ ४३ सेंटिमीटर सरकते, म्हणजे ७० मीटरवरून पाहताना पडद्यावर सहा पिक्सेल. एक चित्र काढून दुसरं लावलं तर हा झटका डोळ्याला नक्की जाणवतो. म्हणून जवळची तीन चित्रं कमीअधिक प्रमाणात मिसळतात. पण नुसत्या मिसळण्याने एका फांदीच्या दोन पुसट फांद्या होतात. इथे नोंदवलेली खोली कामी येते: तिच्या आधारे प्रत्येक चित्रातली फांदी आधी योग्य जागी सरकवायची आणि मगच मिसळायची. फांद्या एकमेकींआड गेल्या असतील तिथे थोडी पुसट सावली तरीही उरते.

दुसरी जागा खऱ्या झाडाच्या आणि पाटीच्या अदलाबदलीची. दोन्ही अर्धपारदर्शक करून मिसळणं महाग पडतं, शिवाय पानांचा पुढे-मागे क्रमही बिघडतो. म्हणून ‘डिदरिंग’ करतात. पडद्यावर चार बाय चार ठिपक्यांची रांगोळी आहे असं माना आणि प्रत्येक ठिपक्याला एक क्रमांक द्या. ७५ मीटरवर सोळांपैकी आठ ठिपक्यांवर झाड रंगवायचं आणि उरलेल्या आठांवर पाटी. ८० मीटरवर सगळे सोळा ठिपके पाटीचे.

मी पहिल्यांदा हे केलं, तेव्हा झाड आणि पाटी या दोघांनाही तेच आठ ठिपके दिले होते. मधल्या पट्ट्यातल्या प्रत्येक झाडातून आकाश दिसायला लागलं, जणू झाडं चाळणीची आहेत. एकाने सोडलेला ठिपका दुसऱ्याने उचलायलाच हवा.

वाऱ्याचंही बघावं लागतं. डोलणारं झाड स्तब्ध पाटीत बदललं तर ठिपके कितीही नीट जुळले तरी फसगत होते. म्हणून डोलणं ७० मीटरच्या आधीच हळूहळू शून्यावर आणतात.

तपासायचं असेल तर एका झाडावर नजर रोखून त्या पट्ट्यात सावकाश पुढे-मागे चाला. कडा जागच्या जागी राहून आतलं पानच थोडं थरथरलं, तर जुळणी बरोबर आहे. शेंडा उडी मारत असेल, तर पाटीचं माप किंवा जागा चुकली आहे.