घरगुती अर्थिंगचा खड्डा: पावसाळ्यापूर्वीची तपासणी

दिल्लीत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे २७ जूनच्या सुमारास पोहोचतो. त्याआधीच्या कोरड्या दिवसांत खड्ड्याभोवतालची माती सुकते आणि अर्थिंगचा रोध वर्षातील सर्वांत जास्त असतो. म्हणून मोजणी याच वेळी करावी, आणि तीही खड्ड्यात पाणी ओतण्यापूर्वी. पाणी ओतून घेतलेले वाचन चांगले दिसते, पण फसवे असते.

समजा, फरीदाबादमधील एका घराचा खड्डा तपासायचा आहे. प्रथम घराचा मेन स्विच बंद करावा, मगच इलेक्ट्रोडची तार सोडवावी. तार सुटलेली असताना घराला अर्थिंगचे संरक्षण नसते. अर्थ टेस्टरची एक खुंटी खड्ड्यापासून ३० मीटरवर आणि दुसरी त्याच सरळ रेषेत १८.५ मीटरवर ठोकावी. वाचन ८.६ ओहम आले. मधली खुंटी ३ मीटर अलीकडे व पलीकडे सरकवल्यावर ८.४ आणि ८.८ मिळाले. फरक थोडा आहे, म्हणून ८.६ ग्राह्य. फरक मोठा असता तर बाहेरची खुंटी आणखी दूर न्यावी लागली असती. साध्या मल्टिमीटरने हे मोजू नये. जमिनीतील भटक्या प्रवाहांमुळे त्याचे वाचन बिघडते.

आता देखभाल. झाकण काढून नरसाळ्यातील गाळ साफ करावा. तारेचा नटबोल्ट गंजलेला असेल तर घासून घट्ट करावा. बिघाड बहुधा मातीत नसून या सांध्यात सापडतो. मग काही बादल्या पाणी घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. मीठ वाढवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने रोध उतरतो, पण पाइपही लवकर गंजतो.

समजा, रोध ३ ओहमवर आला. एवढ्याने घर सुरक्षित झाले का? लोखंडी कूलरच्या अंगाला फेज चिकटला आहे असे माना. घराचे अर्थिंग न्यूट्रलला जोडलेले नाही आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा रोध २ ओहम धरला, तर विद्युतधारा २३० ÷ (३ + २) = ४६ अँपिअर होते. कूलरचे अंग ४६ × ३ = १३८ व्होल्टवर राहते. सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीला तात्काळ तुटण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ वर ती बराच वेळ चालू राहू शकते. ओल्या हाताने कूलरला स्पर्श करणाऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र ८.६ ओहमच्या खड्ड्यावरही क्षणात तुटते. तिचे टेस्ट बटण दाबून पाहावे, परंतु ते बटण फक्त उपकरण तपासते. कूलरच्या अंगापासून खड्ड्यापर्यंतची तार अखंड आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते.